पायाचे माप संध्याकाळी घ्यावे

युसूफ वडगावातून नवी वहाण घ्यायला निघालेला माणूस बहुधा सकाळच्या गाडीने केज किंवा अंबाजोगाई गाठतो. बँकेचे, दवाखान्याचे, बियाण्यांचे काम आणि त्यातच चपलेचे दुकान, असा त्याचा बेत असतो. दुपारची परतीची गाडी डोळ्यांपुढे असल्यामुळे सगळी खरेदी दुपारच्या आत उरकते. दुसरी रीत अशी की मुलगा किंवा नातू पुण्याहून फोन करतो, ‘आई, जुन्या चपलेवर नंबर काय आहे बघ,’ आणि सणाला येताना जोड घेऊन येतो. पहिल्या रीतीत पाय दुकानात पोहोचतो, पण दिवसाच्या चुकीच्या वेळी. दुसऱ्या रीतीत तो पोहोचतच नाही. साठी ओलांडलेल्या आणि विशेषतः मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत या दोन्ही रीतींचा हिशेब कधीकधी माझ्या दवाखान्यात, पायावरच्या फोडाच्या रूपाने चुकता होतो.

पायाचा आकार दिवसभर एकसारखा राहत नाही. रात्रभर आपण आडवे असतो, त्यामुळे सकाळी पाय हलके आणि सडपातळ असतात. उठून वावरू लागल्यावर पायांतील रक्ताला हृदयाकडे परतताना वर चढावे लागते. या कामी पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखी मदत करतात. वयोमानाने हे स्नायू कमजोर होतात, शिरांमधील झडपा सैल पडतात, आणि माणूस पाय खाली सोडून खुर्चीत बसून राहू लागतो. मग रक्तातील थोडे पाणी शिरांबाहेर झिरपून घोट्याभोवती आणि पावलावर साचते. उन्हाळ्यात हे अधिक जाणवते. रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिन ही गोळीही काहींच्या पायांवर सूज आणते. म्हणून सकाळी सहज चढलेली वहाण सायंकाळी पट्ट्याशी रुतते. ही वाढ लांबीत थोडी असते, रुंदीत आणि पावलाच्या उंचीत जास्त. नंबर मात्र लांबीवरून ठरतो. त्यामुळे ‘नंबर तर बरोबर होता’ ही तक्रार खरी असते आणि वहाण तरीही चावते.

येथे एक मर्यादा स्पष्ट करतो. दिवसअखेर येणारी आणि रात्रीच्या झोपेने उतरणारी सौम्य सूज वहाण घेताना हिशेबात धरायची. सकाळी उठल्यावरही कायम असणारी, बोटाने दाबले की खळगा पडून राहणारी सूज हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताकडे बोट दाखवू शकते. एकाच पायाला अचानक आलेली, पोटरी दुखवणारी सूज तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, कारण शिरेत गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी मोठी चप्पल घेणे हा उपाय नव्हे. आधी सुजेचा उपचार, मग वहाणेचे माप. अ‍ॅम्लोडिपिनची शंका आली तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

आता एक उदाहरण सविस्तर सांगतो. एकाहत्तर वर्षांच्या एक आजी, चौदा वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाची गोळी चालू. मुलाने दिवाळीला बंद, मऊ दिसणारे बूट आणले. नंबर जुन्या चपलेवरचाच, चार. आजींनी ते सकाळी घालून पाहिले आणि ‘अगदी अंगासरशी बसलेत’ म्हणून समाधान व्यक्त केले. आठव्या दिवशी सुनेला उजव्या मोजाच्या करंगळीकडील बाजूस ओलसर डाग दिसला. मोजा काढला तेव्हा करंगळीच्या बाहेरच्या अंगाला फोड फुटून रुपयाएवढी जखम झाली होती. आजी त्या पायाने रोज देवळात जाऊन येत होत्या. दुखते का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘कुठे काय? मला तर काहीच कळलं नाही.’

मी त्यांना सायंकाळी पुन्हा बोलावले आणि कागदावर उभे करून दोन्ही पावलांचे माप घेतले. डावे पाऊल २३.४ सेंटीमीटर लांब, उजवे २३.९. चवड्याशी, म्हणजे बोटांच्या मुळाशी जिथे पाऊल सर्वांत रुंद असते तिथे, डावे ९.५ आणि उजवे ९.८. मग बुटातील सुटी गादी, म्हणजे इनसोल, बाहेर काढून मोजली. ती २४.१ सेंटीमीटर लांब आणि चवड्याशी जेमतेम ९ रुंद भरली. उजव्या पायाच्या बोटांपुढे बुटात केवळ दोन मिलिमीटर जागा होती आणि रुंदीत तर पाऊल गादीपेक्षा आठ मिलिमीटरने मोठे. ते पाऊल रोज त्या बुटात कोंबले जात होते आणि सर्वांत बाहेरची म्हणून करंगळी भरडली जात होती. बूट बंद केले, जखमेची मलमपट्टी केली, साखर आटोक्यात आणली. जखम भरायला पाच आठवडे लागले.

आजींना तो बूट घट्ट वाटला नाही, उलट ‘अंगासरशी’ वाटला, हे येथे नीट समजून घ्यायला हवे. दीर्घ मधुमेहात पायांतील संवेदना वाहणाऱ्या नसा क्षीण होतात. ज्याच्या पायाला कमी कळते, त्याला बेताची वहाण सैल, जणू पायात नसल्यासारखी वाटते. थोडा दाब पडला तरच ‘हां, आता बसली’ अशी जाणीव होते. म्हणून असा माणूस नकळत लहान वहाण निवडतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६पासून काम केलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांबद्दल हेच दाखवून दिले होते. पायाच्या जखमा मांस आपोआप सडल्यामुळे होत नाहीत. वेदना हरवल्यामुळे तोच दाब, तेच घर्षण रोज त्याच जागी होत राहते आणि त्यातून जखम होते. त्यातूनच मऊ रबराच्या, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराच्या, वहाणांवर भर आला. या ‘एमसीआर’ चपला आजही कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून बधिर पायांच्या रुग्णांना दिल्या जातात, आणि मधुमेहींनाही त्या उपयोगी पडतात.

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या पायाला कितपत कळते, हे घरीच तपासता येते. इंग्लंडमधील इप्स्विच येथील डॉक्टरांनी रूढ केलेली ही साधी पद्धत आहे. वडीलधाऱ्यांना डोळे मिटून आडवे करा. आपल्या तर्जनीच्या टोकाने त्यांच्या पायाचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एकेक करून, एक-दोन सेकंद, अगदी हलका स्पर्श करा. दाबू नका, घासू नका. स्पर्श कळला की त्यांनी कोणत्या पायाला ते सांगावे. दोन पायांची मिळून सहा बोटे होतात. त्यांतील दोन किंवा अधिक बोटांना स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. वहाणेच्या बाबतीत अशा व्यक्तीच्या ‘छान वाटते’ या शब्दावर विसंबू नये. तिथे पट्टी, डोळे आणि हात यांनी निर्णय करायचा.

आता मापाकडे वळू. दुकानात सायंकाळी जाणे जमत असेल तर उत्तमच. पण शेवटची गाडी चुकवून कोणी चप्पल घेणार नाही, हे मी जाणतो. त्यावर सोपा मार्ग असा की पाऊल सकाळी दुकानात गेले तरी माप मात्र आदल्या सायंकाळचे न्यावे. दिवे लागणीच्या सुमारास, जो मोजा घालायचा असेल तो घालून, जमिनीवर जाड कागद किंवा रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवा. वडीलधाऱ्यांना त्यावर उभे करा. टाच भिंतीला टेकलेली, दोन्ही पायांवर सारखा भार आणि हाताला खुर्चीच्या पाठीचा आधार. बसून घेतलेले माप कमी भरते, कारण उभे राहिल्यावर पावलाची कमान दबते आणि पाऊल लांबते, पसरते. पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ ओढा. पेन्सिल आत कलती झाली की माप तिथेच फसते. हे काम दुसऱ्याने करावे. स्वतः वाकून रेघ ओढू लागले की भार बदलतो, शिवाय तोल जाण्याची भीती.

अशा दोन्ही पावलांच्या आकृत्या काढा. भिंतीपासून सर्वांत पुढच्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा. अनेकांचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्याहून लांब असते, तेव्हा लांबी त्या बोटापर्यंत धरायची. मग चवड्याशी रुंदी मोजा. दोन पायांत थोडा फरक निघणे अगदी स्वाभाविक आहे. जे पाऊल मोठे, ते वहाणेचे माप ठरवते. त्या लांबीत एक ते दीड सेंटीमीटर मिळवा. वहाणेची आतली लांबी तेवढी हवी, कारण चालताना पाऊल थोडे पुढे सरकते. आजींच्या बाबतीत २३.९ म्हणजे आतून सुमारे २५ सेंटीमीटर. मोठ्या पावलाची आकृती कात्रीने कापून घ्या. पुण्याच्या मुलालाही नंबर सांगण्याऐवजी हेच दोन आकडे, लांबी आणि रुंदी, कळवावेत. नुसता पावलाचा फोटो पाठवून उपयोग नाही, त्यातून माप कळत नाही.

नंबरावर विसंबू नये याचे एक कारण वय आहे. वर्षानुवर्षांच्या भाराने पावलातील बंध सैल पडतात आणि पाऊल लांब-रुंद होते. चाळिशीतला नंबर सत्तरीत टिकेलच असे नाही. दुसरे कारण नंबरांच्या पद्धतीतच आहे. आपल्याकडे बहुतांशी इंग्रजी नंबर चालतात. त्यात एका नंबरापासून दुसऱ्यापर्यंत एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास अंतर असते आणि रुंदी बहुधा सांगितलेलीच नसते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडे देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मापे घेऊन ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली आहे. ती दुकानात रुळेपर्यंत कापलेला पुठ्ठाच कामाचा. आजींना एका कंपनीचा पाच नंबर आला, दुसऱ्या कंपनीचा त्याच मापाला सहा घ्यावा लागला असता.

दुकानात गेल्यावर पहिले काम म्हणजे बुटातील गादी बाहेर काढून आपल्या पुठ्ठ्यावर ठेवणे. पुठ्ठा कुठूनही गादीबाहेर डोकावत असेल तर तो जोड तिथेच परत करा. घालून पाहण्याचे श्रमही नकोत. गादी निघत नसेल तर पुठ्ठाच बुटात सारून पाहा. तो कडेला वळला, दुमडला की बूट अरुंद आहे. मग हात आत घालून सगळीकडे बोटे फिरवा. शिवणीची जाड कड, उघडा खिळा, गोंदाची गाठ हाताला लागते, बधिर पायाला लागत नाही.

यानंतर दोन्ही बूट घालायचे. दुकानात बहुधा एकच पाय मांडलेला असतो, जोडीचा दुसरा खोक्यात असतो. वाकायचा त्रास नको म्हणून ज्येष्ठ मंडळी एकाच पायात घालून ‘ठीक आहे’ म्हणतात. तो नेमका लहान पाय असू शकतो. दुसराही मागून घ्या, दोन्हींच्या तळावरचा नंबर वाचा. एका खोक्यात दोन नंबरांचे पाय आलेले मी पाहिले आहेत. घातल्यावर स्टुलावर बसून निर्णय करू नये, उभे राहावे. आता सोबत आलेल्याने खाली बसून, सर्वांत लांब बोटापुढे बुटाचे टोक दाबून पाहावे. करंगळीच्या रुंदीएवढी जागा हवी. वरच्या भागाला चवड्यापाशी चिमटीत धरण्याचा प्रयत्न करावा. थोडी वळी पडली तर रुंदी पुरेशी, ढोलाच्या कातड्यासारखा ताणलेला लागला तर अपुरी. बोटे आतल्या आत वर-खाली हलली पाहिजेत. अंगठा बाहेरच्या बाजूला कललेला असेल, बोटे वाकडी झालेली असतील, तर वरची उंचीही पाहावी, नाहीतर बोटांच्या सांध्यावर भोवरी धरते.

आपल्याकडील स्त्रियांच्या बाबतीत जोडव्यांचा विचार कोणी करत नाही. अंगठ्याशेजारच्या बोटातील जोडव्यामुळे चवडा थोडा रुंद होतो आणि बंद बुटात ते शेजारच्या बोटाला रोज घासते. सायंकाळच्या सुजेत तर ते बोटातच रुतते. जोडवी घालायची असतील तर माप घेताना आणि बूट घालून पाहताना ती बोटात असू द्यावीत. ज्यांच्या पायाला स्पर्श कळत नाही, त्यांनी बंद बूट वापरताना ती काढून ठेवावीत असा माझा आग्रह असतो. आजींनी बऱ्याच चर्चेनंतर ती देवघरात ठेवली.

मग चालायचे. दुकानातल्या सतरंजीवरून दोन पावले टाकणे हे चालणे नव्हे. कडक फरशीवर पाच-दहा मिनिटे, वळत, थांबत, शक्य असेल तर पायरी चढून-उतरून. टाच प्रत्येक पावलाला वर निसटत असेल तर बूट सैल आहे. सायंकाळच्या मापाने घेतलेली वहाण सकाळी थोडी ढिली वाटणार, म्हणून बांधणी कमी-जास्त करता येईल अशीच घ्यावी. वेल्क्रोचे रुंद पट्टे त्यासाठी फार सोयीचे, कारण कापऱ्या हातांनाही ते जमतात. दोन पावलांतील फरकही पट्ट्याने सांभाळता येतो. फरक अर्ध्या सेंटीमीटरच्या पुढे असेल तर लहान पायाच्या बुटात एक पातळ जादा गादी घालावी. मोठे पाऊल लहान बुटात घालण्याला मात्र उपाय नाही. टाचेला पट्टा नसलेली चप्पल ज्येष्ठांनी टाळावी. ती पायात राहावी म्हणून बोटे आकडून धरावी लागतात आणि उंबऱ्यापाशी नेमकी तीच अडकते. कोल्हापुरी वहाण मलाही प्रिय आहे, पण तिचा अंगठा, कडक तळ आणि उघडी टाच हे तिन्ही बधिर पायाला मानवणारे नाहीत.

दुकानदाराचे एक ठरलेले वाक्य असते, ‘घाला काका, दोन दिवसांत सैल होईल.’ अस्सल चामडे रुंदीत थोडे सैलावते हे खरे. लांबीत ते वाढत नाही, आणि रेक्झिन किंवा तत्सम कृत्रिम माल तर कशातच फारसा देत नाही. शिवाय त्या दोन दिवसांत सैल होण्याचे काम करतो तो आपल्या पायाचा जोर आणि झिजते ती कातडी. दुकानात जो जोड बेताचा बसत नाही, तो घेऊ नये.

चालून झाल्यावर तिथेच बूट-मोजे काढून पावले पाहावीत. शिवणीचा, पट्ट्याचा ठसा कुठे उमटला आहे, कुठे लाली आहे. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, तेव्हा हाताच्या पाठीने स्पर्श करून कोणती जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते ते पाहावे. हाडाच्या उंचवट्यावर ठसा दिसला तर दुसरा जोड मागावा.

पैसे देण्यापूर्वी, माप न जमल्यास किती दिवसांत बदलून मिळेल, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे. न वापरलेला, तळ स्वच्छ असलेला जोड बदलून द्यायला दुकानदार सहसा कुरकुरत नाही, माती लागली की हरकत घेतो. म्हणून घरी आल्यावर पहिले तीन-चार दिवस तो केवळ घरात, झाडलेल्या फरशीवर किंवा अंथरलेल्या चादरीवर घालावा. पहिल्या दिवशी सायंकाळी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक तास, असे वाढवत न्यावे. दरवेळी काढल्यावर दोन्ही पावले वरून, खालून, बोटांच्या मधून पाहावीत. अर्ध्या तासानंतरही लाली किंवा गरमपणा तसाच राहिला तर तो जोड बदलायचा. खोके आणि बिल तोवर टाकू नये. फोड आला, कातडी सोलली, मोज्यावर ओल दिसली, तर तो बूट पुन्हा पायात न घालता, दुखत नसले तरी, त्याच दिवशी दवाखान्यात यावे. येताना बूटही सोबत आणावा.